मर्यादा लिहायच्या, पण कशा?

2020च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ‘प्लाझ्मा’ हा शब्द घराघरांत पोहोचला होता. कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव आजारी माणसाला दिला, तर त्यातल्या अँटिबॉडी त्याला वाचवतील, अशी आशा होती. नातेवाईक रात्री-अपरात्री दात्यांसाठी व्हॉट्सॲपवर निरोप फिरवत होते. महाराष्ट्र सरकारनेही जूनमध्ये ‘प्रोजेक्ट प्लाटिना’ या नावाने प्लाझ्मा उपचाराचा मोठा प्रकल्प जाहीर केला. त्याच काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, देशातल्या 39 रुग्णालयांमध्ये ‘प्लॅसिड’ नावाची चाचणी घेत होती. मध्यम स्वरूपाचा आजार असलेले 464 रुग्ण तीत होते. कोण कुठल्या गटात जाणार हे कुणाच्या मर्जीवर न ठेवता ठरवले गेले. 235 जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्रत्येकी 200 मिलिलिटर प्लाझ्मा दोनदा द्यायचा आणि 229 जणांना फक्त नेहमीचे उपचार, अशी आखणी होती.

निष्कर्ष सप्टेंबरमध्ये बाहेर आला आणि ऑक्टोबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला गेला. 28 दिवसांत आजार गंभीर होणे किंवा मृत्यू येणे, या दोन्ही गोष्टी मिळून प्लाझ्मा घेतलेल्या गटात 44 जणांच्या, म्हणजे 19 टक्क्यांच्या वाट्याला आल्या. न घेतलेल्यांत हा आकडा 41, म्हणजे 18 टक्के होता. फरक नाही.

एवढ्या आशेवर पाणी टाकणाऱ्या निष्कर्षावर आक्षेप येणारच होते. सर्वांत टोकदार आक्षेप असा होता : जो प्लाझ्मा दिला त्यात पुरेशा अँटिबॉडी होत्या का, हे देण्याआधी तपासलेच नव्हते. पाणचट औषध देऊन औषध निकामी ठरवले, असा त्याचा अर्थ.

लक्षात घ्यायची गोष्ट ही, की हा आक्षेप शोधून काढायला टीकाकारांना फारसे कष्ट पडले नाहीत. तो संशोधकांनी स्वतःच निबंधात लिहून ठेवला होता, आणि तोही शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात नाही, तर अगदी सारांशात. तरीही अभ्यासाची पत गेली नाही. का गेली नाही, हे पाहिले की ‘संशोधनाच्या मर्यादा’ हा भाग कसा लिहावा याचे बहुतेक उत्तर हाती येते.

आधी हा भाग सहसा कसा लिहिला जातो ते पाहू. मराठीत झालेला कुठलाही प्रबंध उघडा. पहिल्याच प्रकरणात ‘संशोधनाची व्याप्ती व मर्यादा’ असे शीर्षक सापडते आणि त्याखाली ठरलेली वाक्ये असतात. ‘प्रस्तुत संशोधन पुणे शहरातील महाविद्यालयांपुरतेच मर्यादित आहे.’ ‘प्रतिसादकांनी दिलेली उत्तरे प्रामाणिक आहेत असे गृहीत धरले आहे.’ ‘वेळेअभावी नमुना लहान ठेवावा लागला.’ यातले एकही वाक्य खोटे नसते. पण ती कुठल्याही प्रबंधातून उचलून कुठल्याही दुसऱ्या प्रबंधात चिकटवता येतात, आणि तशी चिकटवलेलीही असतात. पुणे शहरापुरता अभ्यास करायचा, हा तर संशोधकाने आधीच घेतलेला निर्णय आहे, अभ्यासाची आखणी आहे. त्याला मर्यादा म्हणून लिहिले की एक रकाना भरतो आणि खरी अडचण झाकली जाते.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. जॉन आयोनिडिस या अभ्यासकाने 2005मधले, नावाजलेल्या आणि खुल्या नियतकालिकांतले 400 शोधनिबंध तपासून 2007 साली लिहिले, की आपल्या कामाची मर्यादा सांगणारा एखादा तरी शब्द त्यांतल्या फक्त 17 टक्के निबंधांत सापडला. भीती सगळीकडे सारखीच आहे. उणीव लिहिली तर निबंध परत येईल, तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षक तेवढेच धरून बसतील. म्हणून काही जण काहीच लिहीत नाहीत आणि काही जण निरुपद्रवी तेवढे लिहितात. तिसरा प्रकार याच्या उलट असतो. संशोधक सुचतील त्या सगळ्या उणिवांची यादी देतो आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, की मग हा अभ्यास केलाच कशाला?

या तिन्हींत एकच गोष्ट राहून जाते. मर्यादेने निष्कर्ष कुठल्या दिशेला आणि साधारण किती ढकलला असेल, हे कुणी सांगत नाही.

एक काल्पनिक पण रोज घडणारे उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात 300 विद्यार्थी आहेत. एक संशोधिका त्यांच्या मोबाइल वापराचा आणि झोपेचा अभ्यास करते आहे. ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गुगल फॉर्मचा दुवा टाकते. 120 जण फॉर्म भरतात. त्यांतले 72 जण सांगतात, की मध्यरात्रीनंतरही आपण फोनवर असतो. 120 पैकी 72, म्हणजे 60 टक्के. प्रबंधात मथळा तयार होतो : ‘60 टक्के विद्यार्थी मध्यरात्रीनंतर मोबाइल वापरतात.’ आणि मर्यादांत लिहिले जाते : ‘नमुना लहान आहे.’

इथे खरी अडचण नमुना लहान असण्याची नाही. उत्तर न दिलेल्या 180 जणांची आहे. फॉर्म व्हॉट्सॲपवर आला होता. तो लगेच दिसला कुणाला? जो सतत फोनवर असतो त्याला. जो फोन बाजूला ठेवून दहाला झोपतो, त्याच्या नजरेस दुवा येईपर्यंत गटावर आणखी शंभर निरोप येऊन गेलेले असतात. म्हणजे 60 हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता मोठी आहे. ही झाली दिशा. पुष्कळ प्रबंध दिशेपर्यंतही पोहोचत नाहीत.

आता मोजमाप. उत्तर न दिलेल्या 180 जणांपैकी एकही जण रात्री फोन वापरत नाही असे धरले, तर 300 पैकी 72, म्हणजे 24 टक्के. सगळेच वापरतात असे धरले, तर 252, म्हणजे 84 टक्के. खरे उत्तर 24 आणि 84 यांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि निव्वळ या फॉर्मवरून यापेक्षा जास्त खात्रीने काही म्हणता येत नाही. हे वाचून संशोधिकेच्या पोटात गोळा येईल. पण इथून पुढे तिला करण्यासारखे काहीतरी आहे. उत्तर न दिलेल्यांच्या यादीतून तिने चिठ्ठ्या टाकून 30 जण निवडावेत आणि प्रत्यक्ष भेटून तोच एक प्रश्न विचारावा. समजा त्यांतल्या 12 जणांनी ‘हो’ म्हटले, म्हणजे 40 टक्के. हे प्रमाण 180 जणांना लावले तर 72 होतात. आधीचे 72 आणि हे 72 मिळून 144, म्हणजे 300 पैकी 48 टक्के.

मग मर्यादांचा परिच्छेद असा होतो : ‘फॉर्म व्हॉट्सॲपवरून पाठवल्यामुळे फोन जास्त वापरणाऱ्यांनी तो जास्त प्रमाणात भरला असावा. उत्तर न दिलेल्या 180 पैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या 30 जणांना प्रत्यक्ष विचारले असता हे प्रमाण 40 टक्के आढळले. ते धरून सर्व वर्गासाठीचा अंदाज 60ऐवजी 48 टक्क्यांच्या आसपास येतो. 30 हा आकडा लहान असल्याने हा अंदाज ढोबळच मानावा.’ चार वाक्ये. त्यांत काय बिघडले, कुठल्या बाजूला, किती, त्यावर काय केले आणि तरीही काय उरले, हे सगळे आले. परीक्षकाने विचारण्याआधीच उत्तर कागदावर आहे. आणि मथळ्यातला 60चा आकडा बदलून 48 झाला आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. मर्यादांच्या भागात उणीव कबूल करायची आणि निष्कर्षात जुनाच आकडा ठोकून द्यायचा, ही पळवाट परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

30 जणांना भेटणे शक्यच झाले नाही तर? मग निदान 24 ते 84 हा पल्ला द्यावा आणि टक्केवारीचा दावा सोडून द्यावा. ‘फॉर्म भरणाऱ्यांपैकी 60 टक्के’ असे म्हणावे, ‘विद्यार्थ्यांपैकी’ असे म्हणू नये. दावा आखडता घेतला की तेवढी टीकेची जागा आपोआप कमी होते.

आता पुन्हा प्लॅसिडकडे. अँटिबॉडी आधी मोजता आल्या नाहीत, कारण 2020च्या एप्रिल-मेमध्ये तशा चाचणीची सोय रुग्णालयांना सहज उपलब्ध नव्हती. पण संशोधकांनी एक दूरदृष्टी दाखवली. दात्यांचे आणि रुग्णांचे नमुने साठवून ठेवले आणि नंतर तपासले. त्यातून दोन गोष्टी कळल्या. दात्यांच्या प्लाझ्मात अँटिबॉडीचे प्रमाण बऱ्यापैकी कमी होते, म्हणजे टीकाकारांच्या शंकेला आधार होता. दुसरे असे, की दहापैकी आठांहून अधिक रुग्णांच्या शरीरात भरतीच्या वेळीच स्वतःच्या अँटिबॉडी तयार झालेल्या होत्या. ज्यांना अँटिबॉडी असलेला प्लाझ्मा मिळाला त्यांचा वेगळा हिशेब मांडला, तरी फायदा दिसला नाही. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट मांडली. देशातल्या बहुतेक रुग्णालयांत त्या वेळी प्लाझ्मा असाच, न मोजता दिला जात होता. तेव्हा चाचणीने जे तपासले, तेच प्रत्यक्षात घडत होते. जी गोष्ट एका प्रश्नासाठी उणीव होती, तीच दुसऱ्या प्रश्नासाठी बळ ठरली. ‘भरपूर अँटिबॉडी असलेला प्लाझ्मा उपयोगी आहे का?’ याचे उत्तर प्लॅसिड देऊ शकत नव्हती आणि तिने ते दिलेही नाही. ‘आज आपल्या रुग्णालयांत देतात तो प्लाझ्मा उपयोगी आहे का?’ याचे उत्तर तिने दिले.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. ही चाचणी उघडी होती. कुणाला प्लाझ्मा मिळाला हे डॉक्टरांनाही माहीत होते आणि रुग्णांनाही. प्रबंधात अशा वेळी ‘चाचणी उघड स्वरूपाची असल्याने पूर्वग्रह संभवतो’ असे एक वाक्य टाकून लोक मोकळे होतात. पण हा पूर्वग्रह कुठल्या निष्कर्षाला लागतो आणि कुठल्याला नाही? मृत्यू झाला की नाही, याची नोंद डॉक्टरच्या आशेने बदलत नाही. थकवा कमी वाटतो का, दम लागणे थांबले का, हे मात्र विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या अपेक्षेने बदलू शकते. प्लॅसिडमध्ये नेमके असेच दिसले. सातव्या दिवशी प्लाझ्मा गटातल्या अधिक जणांचा दम लागणे आणि थकवा कमी झाल्याची नोंद होती, पण मृत्यूत आणि आजार बळावण्यात फरक नव्हता. हे सगळे अपेक्षेमुळेच झाले असे सिद्ध होत नाही, कारण सातव्या दिवशी विषाणूची तपासणी निगेटिव्ह येण्याचे प्रमाणही त्या गटात जास्त होते. पण उघडेपणाची मर्यादा लक्षणांच्या निष्कर्षाला जड लावायची आणि मृत्यूच्या निष्कर्षाला हलकी, हे कळते. शिवाय इथला पूर्वग्रह प्लाझ्माच्या बाजूने झुकणारा आहे. तो झुकाव असूनही मुख्य फायदा दिसला नाही, म्हणून ‘फायदा नाही’ हा निष्कर्ष उलट पक्काच होतो. मर्यादा सांगितल्याने अभ्यास दुबळा होतो, या समजुतीला याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

तिसरी मर्यादा आकाराची. दोन गटांतल्या प्रमाणांचे गुणोत्तर 1.04 आले आणि त्याची शक्यतेची मर्यादा 0.71 पासून 1.54 पर्यंत पसरलेली होती. साध्या भाषेत, प्लाझ्मामुळे धोका 29 टक्क्यांनी कमी होतो किंवा 54 टक्क्यांनी वाढतो, यांतले काहीही या एका चाचणीवरून पूर्ण नाकारता येत नव्हते. हा पल्ला निबंधात छापला होता. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने साडेअकरा हजारांहून अधिक रुग्णांवर, आणि अँटिबॉडी भरपूर असलेलाच प्लाझ्मा निवडून, तोच प्रश्न विचारला. दोन्ही गटांत 28 दिवसांत 24 टक्के मृत्यू. गुणोत्तर 1.00, पल्ला 0.93 ते 1.07. प्लॅसिडने जी दोन दारे उघडी ठेवली होती, ती दोन्ही या चाचणीने बंद केली. मर्यादा नेमकी लिहिलेली असली की पुढच्या संशोधकाला काय तपासायचे ते आयते मिळते.

याच प्लाझ्माच्या बाबतीत उलटे उदाहरणही घडले. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने 35 हजारांहून अधिक रुग्णांना प्लाझ्मा दिला गेला होता, पण तिथे तुलनेसाठी प्लाझ्मा न दिलेला गटच नव्हता. कमी अँटिबॉडीचा प्लाझ्मा मिळालेल्यांच्या तुलनेत जास्त अँटिबॉडीचा मिळालेल्यांचे सात दिवसांतले मृत्यू सुमारे 35 टक्क्यांनी कमी दिसले, म्हणजे 13.7 टक्क्यांवरून 8.9 टक्के. तुलनेचा गट नसणे ही मर्यादा होती. पण 23 ऑगस्ट 2020 रोजी पत्रकार परिषदेत अन्न व औषध प्रशासनाचे प्रमुख स्टीफन हान यांनी सांगितले, की प्लाझ्मामुळे शंभरातले 35 रुग्ण वाचतील. प्रत्यक्षात शंभरामागे फरक पाचाच्या आसपास होता, आणि तोही प्लाझ्मा आणि प्लाझ्मा यांच्यातला. दुसऱ्याच दिवशी हान यांना टीका योग्य असल्याचे मान्य करावे लागले. म्हणून जी मर्यादा मुख्य निष्कर्षाचा अर्थच बदलते, ती सारांशात, निष्कर्षाच्या त्याच वाक्याला जोडून लिहायला हवी. निबंधाच्या आत दडलेली मर्यादा पत्रकार परिषदेपर्यंत पोहोचत नाही.

आखणीतच मोठी उणीव असेल, ती नंतर भरून येण्यासारखी नसेल, तेव्हा काय करायचे? गडचिरोलीचे उदाहरण इथे उपयोगी पडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या गावांत नवजात बालमृत्यूचा दर हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला होता. पण गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. मग ही गावे मुळातच सुस्थितीतली असतील तर? या प्रश्नाचे उत्तर देता आले, कारण काम सुरू करण्याआधी दोन वर्षे, 1993 ते 1995, दोन्ही भागांत जन्म-मृत्यूची मोजणी झाली होती. सुरुवातीचा दर एकीकडे 62 तर दुसरीकडे 58 होता, म्हणजे प्रयोगाची गावे उलट किंचित वाईट स्थितीत होती. शिवाय बाळांची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत वेगळ्या होत्या आणि जन्म-मृत्यू नोंदवणारी माणसे वेगळी. आपल्याच कामाचे यश आपणच मोजले, हा आक्षेप तिथे लागू पडत नव्हता. उरलेली शंका एवढीच, की हे यश गडचिरोलीबाहेर तसेच मिळेल का? 2008 साली बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये यादृच्छिक वाटणीने असाच प्रयोग झाला, तिथे घरोघरच्या सेवेने नवजात मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. गडचिरोलीतली घट 62 टक्के होती. परिणाम टिकला, आकार कमी झाला. 2011पासून आशा कार्यकर्तींमार्फत हीच पद्धत देशभर राबवली जाते.

यातून प्रबंध लिहिणाऱ्याला घेण्यासारखी गोष्ट अशी, की मर्यादांचा भाग शेवटच्या आठवड्यात बसून लिहायचा नसतो. नमुने साठवून ठेवणे, आधीची दोन वर्षे मोजणे, मोजणारी माणसे वेगळी नेमणे, न भरलेल्या फॉर्मवाल्यांची यादी जपणे, ही सगळी कामे माहिती गोळा करतानाच करायची असतात. प्रबंध टंकलिखित झाल्यावर मागे जाऊन त्यांतले काहीच करता येत नाही.

मार्गदर्शकांना आणि बहिःस्थ परीक्षकांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासातली खरी उणीव दिशेसह आणि आकड्यासह लिहून आणली असेल, तर ‘हे काढून टाका, परीक्षक धरतील’ असे सांगू नका. तोंडी परीक्षेत त्या परिच्छेदावर बोट ठेवून पहिला प्रश्न विचारा : ही उणीव लक्षात आल्यावर तुम्ही काय तपासले? ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याला त्याचे गुण द्या.